त्याच पाइपला तिसऱ्यांदा चीर: कपलर टाकूनही ड्रेनेजचा पाइप पुन्हा का फुटतो

जुळे सोलापुरातलं एक दुमजली घर. वरच्या मजल्याच्या संडास-बाथरूमचा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि जमिनीलगतच्या बेंडमधून चेंबरला जातो. करडा, ११० मिमीचा, म्हणजे आपण ज्याला चार इंची म्हणतो तो. या पाइपला तीन वर्षांत तीनदा चीर गेली. पहिल्यांदा घरमालक अण्णांनी दोन रंगांची मळून लावायची पुट्टी थापली. ती उन्हाळाभर टिकली आणि मग पापुद्र्यासारखी सुटून आली. दुसऱ्यांदा एका प्लंबरने वीतभर तुकडा कापून दोन कपलर सोल्युशनने चिकटवले. ते सांधे अजून शाबूत होते, पण त्यांच्या फूटभर वर नवी चीर आली. मला बोलावलं ते गड्डा यात्रेच्या दिवसांत, ऐन जानेवारीत. अण्णांचा पहिला प्रश्न होता, "पाइपच खराब लागला का हो?"

पाइप खराब नव्हता. अशी तक्रार आली की बहुतेक वेळा तुकडा बदललेला असतो आणि कारण जागेवरच असतं. म्हणून आधी कारण सांगतो, मग कापाकापी.

चीर कुठल्या दिशेने गेली आहे ते बघा. उभ्या पाइपवर चीर वरून खाली, लांबीत गेली असेल तर पाइपला बाहेरून मार बसलाय (शिडी टेकवली, गाडी घासली) किंवा कुठेतरी तो चेपला गेलाय. चीर आडवी, बांगडीसारखी फिरत गेली असेल तर पाइप ओढला जातोय किंवा वाकवला जातोय. अण्णांच्या पाइपवरची चीर आडवी होती, अर्ध्या घेरापर्यंत पोचलेली, आणि बरोबर क्लॅम्पच्या कडेपासून सुरू झालेली. क्लॅम्प इतका आवळला होता की तिथे पाइप गोल न राहता चपटा झाला होता.

पीव्हीसी तापलं की वाढतं. ढोबळ हिशेब असा धरा, की एक मीटर पाइप १० अंशाच्या फरकाने ०.७ मिमी वाढतो. वरच्या टीपासून खालच्या बेंडपर्यंत हा पाइप २.८ मीटर होता. जानेवारीच्या पहाटे तो १५ अंशांवर असतो. मे महिन्यात दुपारची उन्हं थेट अंगावर घेणारा करडा पाइप हाताला चटका देतो, ६० अंशांच्या आसपास सहज जातो. फरक ४५ अंशांचा. म्हणजे २.८ गुणिले ०.७ गुणिले साडेचार, जवळजवळ ९ मिमी. वरची टी भिंतीत सिमेंटने बसवलेली, खालचा बेंड काँक्रीटमध्ये, मधले सगळे सांधे चिकटवलेले आणि क्लॅम्प आवळलेले. मग हे ९ मिमी जाणार कुठे? उन्हाळ्यात पाइप बाक काढतो, थंडीत ताणला जातो, आणि जिथे क्लॅम्पची धार रुतलेली असते तिथून फाटायला लागतो. नव्या पाइपला एवढा ताण सहन होतो. पण वर्षानुवर्षं उन्हाने वरची कातडी कडक झालेली, त्यात रोजचं ताणणं-दबणं आणि क्लॅम्पचा ओरखडा, अशी सगळी मिळून चीर पडते.

दुसऱ्या दुरुस्तीत नेमकं हेच झालं होतं. चिकटवलेले दोन कपलर म्हणजे त्या पाइपला आणखी दोन घट्ट गाठी. सांधे पक्के निघाले, म्हणून फुटायची पाळी शेजारच्या पाइपवर आली.

कापायच्या आधी चेंबरचं झाकण उघडून वरून एक फ्लश ओढायला लावा. पाणी झटकन येऊन गेलं पाहिजे. तुंबून येत असेल तर आधी चोक काढा, नाहीतर पाइप कापताना वर साठलेलं सगळं अंगावर येईल. आणखी एक गोष्ट हमखास विचारतो, आज किंवा काल कोणी संडासात ॲसिड किंवा चोक काढायची पावडर टाकली आहे का? टाकली असेल तर भरपूर पाणी सोडून दुसऱ्या दिवशी हात लावायचा. हातमोजे आणि चष्मा तरीही हवाच.

दिवसही बघून ठरवा. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी घरात धुणं, आंघोळी, टाक्या भरणं सगळं एकदम चालतं, त्या दिवशी हे काम काढू नये. वरच्या भाडेकरूंना सांगून ठेवा आणि तरीही फ्लशच्या बटणावर कागद चिकटवा. सांगितलेलं पोरं विसरतात.

चिरेचं खरं टोक डोळ्यांना दिसत नाही. पाइप पुसून कोरडा करायचा, कपडे धुवायची नीळ पाण्यात कालवून चिरेच्या दोन्ही टोकांपुढे बोटाने चोळायची आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. चीर जिथपर्यंत गेली असेल तिथपर्यंत निळी रेघ शिल्लक राहते. अण्णांच्या पाइपवर दिसणारी चीर संपल्यावर अजून तीन बोटं रेघ निघाली. या टोकांपासून दोन इंच पुढे चांगल्या पाइपमध्ये कापायचं. चिरेचं टोक पाइपात राहिलं तर ते कपलरच्या आतून पुढे चालत राहतं आणि वर्षभराने पुन्हा तुम्हाला फोन येतो.

जुने चिकटवलेले कपलर मी ठेवले नाहीत. खालच्या जुन्या कपलरच्या खालपासून चिरेच्या वरपर्यंत सगळं एकदम काढायचं ठरवलं.

आता कपलरची गोष्ट. हे काम इथेच फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुकानात मिळणाऱ्या साध्या कपलरच्या आत मधोमध एक कडी असते. दोन्ही बाजूंनी आलेले पाइप त्या कडीला टेकतात. नवीन लाइन टाकताना हे चांगलं. पण दोन्ही टोकं घट्ट असलेल्या पाइपच्या मधला तुकडा बदलताना हा कपलर भूमितीतच बसत नाही. खालच्या पाइपवर कपलर बसवला की त्याचं तोंड पाइपच्या टोकाच्या दोन इंच वर येतं. नवा तुकडा त्यात घालायला आधी तो दोन इंच उचलायला हवा, आणि वर तर जुना पाइप उभा आहे. तुकडा कमी लांबीचा केला तर आत जाईल, पण वरच्या कपलरमध्ये पुरेसा पोचणार नाही. म्हणून मग काहीजण पाइप भिंतीपासून ओढून वाकवतात, काहीजण पाइप तापवून त्याचंच तोंड फुलवतात. दोन्ही उपायांनी पाइपमध्ये ताण भरून राहतो.

हवा तो आरपार सरकणारा कपलर, आत कडी नसलेला. दुकानात स्लिप कपलर किंवा रिपेअर कपलर म्हणून मागा. नाही मिळाला तर रबर रिंगवाला साधा कपलर घ्या आणि आतली कडी अर्धगोल कानसीने घासून काढा. दोन्ही रिंगा आधी बाहेर काढायच्या, म्हणजे कीस त्यांच्या खाचेत जाणार नाही. एका कपलरला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घासून झाल्यावर रिंगा न घालता कपलर पाइपच्या तुकड्यावर घालून एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत सरकवून बघा. कुठे अडला तर अजून घासा.

कडी काढून सोल्युशनचा कपलर सरकवला तर चालणार नाही का, असं विचारणारे बरेच भेटतात. सोल्युशन लावल्यावर हातात काही सेकंदच असतात, आपल्या उन्हात त्याहून कमी. दोन इंच सरकवायच्या आत कपलर अर्ध्यावर पकड घेतो आणि मग ना वर ना खाली. शिवाय तो चिकटला की पाइपला हलायला जागा उरत नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच. रिंगच्या सांध्यात पाइप आत-बाहेर होतो आणि पाणी मात्र रबर अडवतं. म्हणून इथे दोन्ही टोकांना रिंगवाले सरकते कपलर.

दुकानात जाताना कापलेला जुना तुकडा सोबत न्या. जुने बिनशिक्क्याचे चार इंची पाइप बाहेरच्या मापाला थोडे कमी-जास्त निघतात, आणि रिंगचा सांधा सैल पाइपवर टिकत नाही. पाइप ड्रेनेजचाच घ्या, एसडब्ल्यूआर, बी टाइप, ज्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं. ए टाइप पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपला.

आम्ही सकाळी साडेसातला करवत लावली. आधी वरच्या टीच्या खाली एक जादा क्लॅम्प मारून वरचा पाइप धरून ठेवला, नाहीतर कापल्यावर तो खाली घसरतो. कापायची रेघ सरळ यावी म्हणून कॅलेंडरच्या जाड कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिच्या कडा एकमेकींवर जुळवल्या आणि त्या कडेने पेन्सिल फिरवली. बारीक दातांचं हेक्सा ब्लेड पुरतं. भिंतीकडच्या बाजूला करवत फिरायला जागा नव्हती, तिथे गवंड्याची नायलॉन दोरी पाइपमागून घालून दोन्ही हातांनी जोरात पुढे-मागे ओढली. घर्षणाने दोरी पाइप कापत जाते. ग्राइंडर लावू नका, त्याने कड वितळून गुठळ्या होतात.

वरचा काप पूर्ण होताना टक् असा आवाज आला आणि फट आपोआप उघडली, ब्लेडच्या जाडीपेक्षा चांगली ४ मिमी जास्त. अण्णा बाजूलाच उभे होते. "बघा, ओढून धरल्यासारखा होता," ते म्हणाले. निदान करायला याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. थंडीच्या सकाळी फट उघडते. हाच पाइप मे महिन्यात दुपारी कापायला घेतला तर उलट पाइप ब्लेडला चिमटीत धरतो.

कापून काढलेल्या भागातून दोन इंच रुंदीची बांगडी कापा आणि पायाने चेपा. चांगलं पीव्हीसी दबतं आणि परत गोल होऊ पाहतं. काचेसारखं तडकून तुकडे झाले तर उन्हाने पाइप संपलाय, कपलर लावत बसू नका, वरपासून खालपर्यंत सगळाच बदला. आमची बांगडी दबली आणि उठली. पाइप वरून पांढुरका झाला होता, आतून ठीक होता.

आता माप. दोन कापांमधलं अंतर तीन जागी मोजलं, ७४० मिमी भरलं. पाइपला वाढायला ९ मिमी लागणार होते, म्हणून १२ मिमी मोकळे सोडले आणि तुकडा ७२८ मिमीचा कापला. ही १२ मिमीची फट जानेवारीच्या सकाळची आहे, कारण तेव्हा पाइप सगळ्यात आखडलेला असतो. भर उन्हाळ्यात दुपारी हेच काम केलं असतं तर पाइप आधीच वाढलेला असता, तेव्हा ४-५ मिमी पुरे. थंडीत फट कमी ठेवली तर उन्हाळ्यात तुकडा वरच्या पाइपला जाऊन भिडतो आणि सगळी मेहनत वाया.

चारही टोकांना, म्हणजे नव्या तुकड्याची दोन आणि जुन्या पाइपची दोन, कानसीने बाहेरून तिरपी धार काढली आणि आतले काटे खरवडले. नवीन लाइनमध्ये रिंग पाइपच्या टोकावरून एकदाच जाते. सरकत्या कपलरच्या रिंगा मात्र जुन्या पाइपच्या टोकावरूनही जातात आणि नव्याच्याही. एखादा काटा राहिला तर रिंग तिथे कापते किंवा गुंडाळून खाचेबाहेर येते, आणि ते बाहेरून कळत नाही. जुन्या पाइपवर रिंग जिथे बसणार ती जागा बारीक पॉलिश पेपरने घेराच्या दिशेने घासून पांढुरका थर काढला. लांबीच्या दिशेने घासायचं नाही, तसे उभे ओरखडे म्हणजे पाण्याला थेंब-थेंब बाहेर यायला वाटच.

कपलर १२० मिमीचे मिळाले होते. खालच्या जुन्या पाइपवर टोकापासून ६० मिमीवर पेन्सिलची रेघ मारली. वरच्या पाइपवर ५४ मिमीवर, कारण तिथे मधे १२ मिमीची फट राहणार होती. रेघ न मारता कपलर सरकवला तर तो एका पाइपवर जास्त आणि दुसऱ्यावर नुसता टेकलेला राहतो.

रिंगा खाचेत बसवल्या, रिंगांना आणि पाइपला साबणाचं पाणी लावलं. तेल, ग्रीस लावू नका, रबर फुगतं. एक कपलर खालच्या पाइपवर पूर्ण खाली सरकवला, दुसरा वरच्या पाइपवर पूर्ण वर. त्यासाठी दोन्हीकडे कपलरच्या लांबीएवढा, वीतभर मोकळा सरळ पाइप हवा, क्लॅम्पही काढलेला हवा. मग तुकडा मधे उभा केला, खालच्या पाइपच्या तोंडावर टेकवला. सगळी फट वर राहिली. खालचा कपलर वर ओढला, त्याची खालची कड रेघेवर येईपर्यंत. वरचा खाली ओढला, त्याची वरची कड रेघेवर येईपर्यंत. सरकवताना थोडं गोल फिरवत न्यायचं. मधेच एकाएकी हलका झाला किंवा गचका बसला तर थांबा, कपलर मागे घेऊन रिंग बघा. आमची वरच्या कपलरची रिंग पहिल्या खेपेला गुंडाळली, कारण भिंतीकडची धार नीट निघाली नव्हती. पुन्हा कानस मारावी लागली.

आता शेवटचं, पण हे राहिलं तर सहा महिन्यांनी सांधा सुटतो. आत कडी नसलेल्या कपलरला थांबवणारं काही नसतं. रोज पाइप थोडा वर-खाली होतो आणि कपलर हळूहळू खाली उतरत जातो. म्हणून दोन्ही कपलरच्या पोटावर भिंतीत घट्ट क्लॅम्प. पाइपवरचे बाकीचे क्लॅम्प मात्र सैल, पाइप आणि पट्टीमध्ये पोस्टकार्ड सरकेल इतके. म्हणजे क्लॅम्प पाइपला भिंतीशी धरून ठेवतात, वर-खाली जायला अडवत नाहीत. अण्णांचा तो आवळलेला क्लॅम्प काढूनच टाकला आणि वीतभर वर नवा सैल मारला.

तपासायला दोन्ही कपलरच्या खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद बांधला आणि वरून आधी दोन बादल्या पाणी, मग दोन फ्लश. रिंगच्या सांध्याला वाळायची वाट बघावी लागत नाही. कागद ओला झाला तर डाग कुठून सुरू झालाय ते बघा. कपलरच्या खालच्या तोंडातून घेरभर ओल येत असेल तर रिंग खाचेबाहेर आहे. एकाच जागेवरून थेंब येत असेल तर तिथे ओरखडा आहे. बाहेरून पुट्टी किंवा सोल्युशन फासून हे थांबत नाही, कपलर सरकवून रिंग पुन्हा बसवावी लागते.

संध्याकाळी पाइपला बाहेरच्या भिंतीचा पांढरा पाणी-रंग दोन हात दिला. ऊन कमी तापवतं आणि पाइपची कातडीही वाचते.

चीर बेंडच्या किंवा टीच्या अगदी लगत असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण कपलर सरकवून ठेवायला सरळ पाइपच उरत नाही. तिथे बेंड किंवा टीसकट काढावं लागतं. आणि जमिनीखाली काळ्या मातीत चीर पडली असेल तर कारण वेगळं असतं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला खालचा आधारच राहत नाही. तिथे कपलर टाकण्याआधी मुरमाची किंवा वाळूची बैठक करावी लागते.

मे महिन्यात त्याच गल्लीत दुसरं काम निघालं, तेव्हा दुपारी तीनला अण्णांच्या भिंतीपाशी गेलो. वरच्या कपलरच्या तोंडाशी जानेवारीत मारलेली पेन्सिलची रेघ बाहेर दिसत नव्हती. टॉर्च लावून पाहिली तर ती जवळजवळ ४ मिमी आत गेली होती. कपलरखालचा कागद अण्णांनी काढलाच नव्हता, पिवळा पडला होता आणि कोरडा होता.